माळ बोलते शालिग्रामच्या गळ्यातली

माळ म्हटली की लोक आधी हात जोडतात आणि मग विचारतात, कोणाची? मी उंद्रीच्या शालिग्रामची. निदान अकरा-बारा वर्षं तरी त्याची होते. आता नक्की कोणाची, हे माझं मलाच सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकदा आपली हकीकत सांगून टाकावी. माणसं माझी शपथ वाहतात, पण मला कोणी काही विचारत नाही.

मी तुळशीच्या लाकडाची. वाळलेल्या काड्या कापून, घासून, भोकं पाडून मला ओवलं ते शेगावात, देवळाजवळच्या एका दुकानात. तिथं आम्ही शेकड्यांनी टांगलेल्या असायचो. येणारा-जाणारा हात लावून बघायचा, भाव विचारायचा आणि पुढे जायचा. ज्याला खरंच घालायची असते तो फार चिवडत बसत नाही. शालिग्रामनं तर माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. त्याच्यासोबत उंद्रीच्या भजनी मंडळाचे नारायणराव होते. त्यांनी मला निवडलं, देवापुढे ठेवलं आणि त्याच्या गळ्यात घातलं.

माझे नियम नारायणरावांनी त्याला तिथंच सांगितले. मटण-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी धरायची, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मायबहिणीसारखी. शालिग्रामनं मान डोलावली आणि हळूच विचारलं, "अन् घरची?"

"घरच्या बाईचं काय?"

"तिच्यापासूनबी दूर राह्यलेलं बरं नाही काय?"

नारायणराव हसले. "अबे, माळ घालून संसार सोडाचा नसते. घरची ते घरची."

पण शालिग्रामनं ऐकलं नाही. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, की आता माळ घातली, आता तसलं काही नाही. माझ्या नावावर त्यानं आपल्या पदरचा एक नियम खपवला. मला काय तोंड होतं का, हे माझं नाही असं सांगायला?

तेव्हा तो तेहतीसचा आणि त्याची बायको कोकिळा जेमतेम सत्तावीसची. पदरात रुख्मिणी नावाची एक मुलगी. भाजीपाल्याचं शेत, विहीर, मोट, बाजार, खाऊन-पिऊन सुखी घर. शालिग्राम माणूस चांगला, हे मी शपथेवर सांगते, आणि माझी शपथ म्हणजे काही साधी गोष्ट नाही. त्यानं बायकोवर कधी हात उगारला नाही, कधी वाकडा शब्द बोलला नाही. लग्नानंतर नवऱ्याचं कर्तव्य म्हणून जे करायचं असतं तेही त्यानं केलं होतं, पण सारं डोळे मिटून, वाफ्याला पाणी देऊन मोकळं व्हावं तसं. बाईमाणसाची ओढ अशी त्याला कधी वाटलीच नव्हती. इतरांना वाटते, आपल्याला वाटत नाही, म्हणजे आपला पिंडच विरक्त, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं. गावानंही तेच ठरवलं. भरल्या संसारात असं वैराग्य, म्हणून लोक त्याच्या पाया पडू लागले. खरं सांगते, मलाही त्याचा अभिमान वाटायचा. अशा साधूच्या गळ्यात पडले म्हणून मी मिरवून घेतलं.

मिरवली नाही ती फक्त कोकिळा. तिची सासू सत्यभामाबाई उठता-बसता म्हणायची, "बाईत कस असला तं मानूस काऊन बैरागी होते? एक पोरगं देता आलं नाही हिले." कोकिळा मान खाली घालून मेथीच्या जुड्या बांधायची. आधी ती सणावाराला केसात फुलं माळायची, ती बंद झाली. मग सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. शेजारणी म्हणायच्या, नवऱ्याला शोभेल अशी झाली आता. शालिग्रामलाही ते बरंच वाटायचं. हीसुद्धा आपल्यासारखीच देवाला लागली, म्हणजे आपल्या डोक्यावरचा भार उतरला.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. महाराष्ट्राचं राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आमच्या शिवारात वीज आली. शालिग्रामनं मोट सोडून विहिरीवर मोटार बसवली. ती बसवायला बुलढाण्याहून निवृत्ती नावाचा वायरमन आला. वय पस्तीसच्या आसपास, उंच, सावळा, बिनलग्नाचा. कामात गुंग झाला की जिभेचं टोक दातांत धरायचा. विहिरीत उतरून पाइप जोडून तो वर आला तेव्हा शेवटच्या पायरीवर शालिग्रामनं त्याला हात दिला, आणि हात सोडायचं विसरला.

मी छातीवर असते. नऊ-दहा वर्षांत जे काळीज कधी धडपडलं नाही, ते त्या दिवशी माझ्या मण्यांवर असं आपटायला लागलं की मला वाटलं, याला ताप चढला.

पुढे मोटार वरचेवर बिघडू लागली. निवृत्ती सायकल घेऊन यायचा, दुरुस्त करायचा, शालिग्राम त्याला कोकिळेनं बांधून दिलेली भाजी-भाकरी खाऊ घालायचा, दोघं आंब्याखाली बसून बोलत राहायचे. दिवाळी झाली, तरी मोटार बिघडायची थांबेना. मग एके दिवशी मी पाहिलं, की शालिग्राम एकटाच मोटारीच्या खोलीत गेला, त्यानं इकडे-तिकडे बघितलं आणि चांगला धडधाकट फ्यूज आपल्या हातानं काढून खिशात घातला. वांग्याला पाणी हवं होतं, ऊन तापलं होतं. फ्यूज खिशात घालून तो तिथंच मटकन खाली बसला. आपण हे काय केलं, म्हणून. खोटं न बोलणारा माळकरी, स्वतःच्या मोटारीची चोरी करतो, आणि ती का, तर एक माणूस सायकलवरून यावा म्हणून.

त्या दुपारी त्याला सगळं उमगलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तो बसल्या जागी मागचं एकेक आठवत गेला. एकोणिसाव्या वर्षी तालमीत जाणं एकाएकी का सोडलं, ते आठवलं. जिवलग मित्राच्या वरातीत सगळे नाचत होते आणि आपण गोठ्यात जाऊन का रडलो, तेही आठवलं. ते सारं त्यानं तेव्हा कशाकशाच्या नावावर घातलं होतं. "वैराग्य नव्हतं बे ते," तो स्वतःलाच म्हणाला. ओढ होती, चांगली रसरशीत होती, फक्त ती बाईकडे नव्हती. या गोष्टीला त्याच्याजवळ शब्द नव्हता. गावात जे शब्द होते त्या शिव्या होत्या, आणि आपण तसले काही आहोत हे त्याच्या मनाला पटेना. त्याला आपली किळस आली, भीती वाटली. पण ते कळल्यावर त्याला हलकंही वाटलं, तेही मी सांगायला हवं.

निवृत्ती आला. खोलीत गेला, आणि लगेच बाहेर येऊन उभा राहिला.

"शालिकभाऊ, फ्यूज जयला नाही. कोनीतरी काढला हाये."

"मीनंच काढला."

"काऊन?"

शालिग्रामनं खिशातून फ्यूज काढून त्याच्यापुढे धरला. मग म्हणाला, "तू यावा म्हून."

निवृत्ती हसला नाही. पायाशी पडलेला वायरचा तुकडा उचलून गुंडाळत बसला. मग म्हणाला, "मलेबी निमित्तच लागते. मांगच्या खेपेले एक नट मीनं मुद्दाम ढिला ठेवला होता." आणि त्यानं शालिग्रामच्या छातीवर हात ठेवला. त्या हाताला ऑइलचा वास होता. हात माझ्यावर पडला तसा त्यानं झटकन मागे घेतला. "माळ हाये तुमच्या गळ्यात."

"तिच्याच आड जगून राह्यलो आजवर," शालिग्राम म्हणाला.

त्यानंतरचे काही महिने मी त्याला सुखात पाहिलं. तो गुणगुणायचा, दाढी नीट करायचा, घरात सगळ्यांशी गोड बोलायचा. कोकिळेलाही त्या सुखाचा शिंतोडा मिळायचा आणि बिचारी हरखून जायची. ते त्याच्या लक्षात यायचं आणि मग तो ताटावरून उठायचा. निवृत्ती जवळ सरकला की तो म्हणायचा, "घरी बाई हाये माही. तिले अंधारात ठिवून मी हे करू शकत नाही." निवृत्ती म्हणायचा, "मंग सांगसान काय तिले? सांगून तिचं भलं होईन का तुमच्या जिवाचं ओझं कमी होईन? आधी ते ठरवा." हा प्रश्न खरा होता. शालिग्राम त्यावर रोज विचार करायचा आणि रोज उद्यावर टाकायचा.

एकदा तो नारायणरावांकडे गेला. "चुकीच्या कारनानं माळ घातली असंन तं चालते काय?" त्यानं विचारलं. नारायणरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मटन खाल्लं काय?" "नाही." "प्याला काय?" "नाही." "मंग काय झालं?" शालिग्राम उठायला लागला. नारायणरावांच्या डोक्यात माळकऱ्याची पापं दोनच होती. तिसरं काही असेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग चैत्रात कोकिळा वाफ्यात कोसळली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटता उपटता उभी राहिली आणि तिथंच आडवी झाली. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि शालिग्रामला बाहेर बोलावलं. अंगात रक्तच नाही, म्हणाल्या, आठवड्यातले तीन-तीन दिवस बाई उपाशी राहते, तुम्ही नवरे करता तरी काय?

दुसऱ्या दिवशी तो जेवणाचा डबा घेऊन गेला तेव्हा दाराच्या अलीकडेच थांबला. आत कोकिळा शेजारच्या खाटेवरच्या जनकाबाईशी बोलत होती. जनकाबाई परक्या गावची, म्हातारी, पुन्हा कधी भेटणार नाही अशी. अशा माणसाजवळ बायका मनातलं बोलतात.

"माहा मालक देवमानूस हाये, मावशी," कोकिळा म्हणत होती. "माळ घातल्यापासून अंगाले हात नाही. माह्यंच मन वंगाळ. इतकी वर्सं झाली तरी वाट पायते. कधी कधी वाटते, माह्या अंगाले वास येत असंन, म्हून त्यायले किळस आली असंन. हे मन मरावं म्हून उपास करते. पन मरत नाही वो."

जनकाबाई म्हणाली, "मन कायले मरते बाई. तू मरशीन."

शालिग्रामनं डबा दाराशीच खाली ठेवला. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही त्या काळजाचा आवाज ऐकवला नसता. आपण गप्प राहिलो म्हणजे बायकोला दुःखापासून वाचवलं, असं तो इतके महिने समजत होता. आणि ती तर त्याचं कारण स्वतःच्या अंगात शोधत, उपाशीपोटी वाळत चालली होती.

पण सांगणं म्हणजे काही सोपं नव्हतं. रुख्मिणीचं लग्न जमलं होतं, वैशाखातली तिथी धरली होती. सोयऱ्यांनी घर पाहताना आधी विचारलं होतं, बाप माळकरी ना? कोकिळेनं रागानं चारचौघांत तोंड उघडलं असतं तर पोरीचं लग्न मोडलं असतं, म्हाताऱ्या आईनं विहीर जवळ केली असती. पोलीस-कचेरीचंही भय होतंच. आणि निवृत्ती? तो नोकरीवरचा माणूस. शालिग्राम हे सगळं दवाखान्याच्या पायरीवर बसून मनात घोळवत राहिला. शेवटी त्याला एवढंच दिसलं, की बाकीचं सगळं मोडेल किंवा मोडणार नाही, पण कोकिळा मात्र आताच मोडते आहे.

तिला घरी आणल्यावर चार-सहा दिवसांनी तो तिला बैलगाडीत बसवून शेतात घेऊन गेला. आंब्याखाली बसवलं. गुरुवार होता. त्यानं भाकरी पुढे केली तर ती म्हणाली, "आज उपास हाये."

"सोड आता उपास."

"कसा सोडू?" तिनं भाकरी बाजूला सारली. मग म्हणाली, "एक विचारू काय? माळेले हात लावून सांगा. माह्यात काय खोट हाये?"

त्यानं मला मुठीत धरलं.

"तुह्यात काहीच खोट नाही, कोकिळा. माळ घालाच्या आधीबी नव्हती. मले बायकांची ओढच नाही. जशी मानसाले बाईची असते, तशी मले मानसाची हाये. मलेच ते आत्ता आत्ता कळलं. मी त्याले वैराग्य समजून राह्यलो होतो."

कोकिळेला पहिल्यांदा कळलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश, आडवळण न घेता. मग तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. तसं काही आलं नाही.

"निवृत्ती?" तिनं विचारलं.

तो गप्प राहिला. पण मला धरलेल्या मुठीनं त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि गप्प राहणं हे तिला पुरेसं होतं.

"मंग इतके उपास मीनं कोनासाठी केले?" ती म्हणाली.

एवढंच. मग उठली आणि टोपली घेऊन वांगी तोडायला लागली. मोठी तोडली, लहान तोडली, नुकती धरलेली बोटभर वांगीसुद्धा तोडली. तो तिला थांब म्हणाला नाही. टोपली भरून वांगी खाली सांडायला लागली तेव्हा ती बसली आणि सगळी भाकरी एकटीनं खाल्ली.

आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी चुलीपुढे बसून तिनं आपलं म्हणणं सांगितलं. ते तिनं कधी, कसं ठरवलं कोण जाणे. "पोरीचं लगन होऊ द्या. तवर माळ राहू द्या गळ्यात. मंग उतरवा. मले ती तुमच्या गळ्यात नको. बाजारात भाजी आता मी नेईन, पैसा माह्याजवळ राहीन. अन् तुमच्या मायले सांगा, पोरगं झालं नाही ते माह्याच्यानं नाही."

"तुले फारकत पायजे असंन तं देतो," शालिग्राम म्हणाला. "आपल्यात बाईचा दुसरा पाट लागते. माह्याकून काही आडकाठी नाही."

ती हसली. ते हसू मला अजून आठवतं. "अडतीस वर्साची झाली मी. कुठं जाऊ आता, भावजयीचे भांडे घासाले? माळ घातली तवा म्हटलं असतं हे, सत्तावीस वर्साची होती मी."

त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे तिला सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही, कारण त्यानं तिची वर्षं परत येणार नव्हती. त्याच दिवशी त्यानं शेजारपाजाऱ्यांसमोर आईला सांगितलं, "दोष माह्यात हाये, माय. डाक्टरनं सांगतलं. आजपासून कोकिळेले बोलाचं नाही." डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं. गळ्यात मी असताना तो सरळ खोटं बोलला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

निवृत्तीलाही त्यानं सगळं सांगितलं. बायकोला सांगितलं म्हटल्याबरोबर निवृत्तीचा चेहरा उतरला. "माह्यं नाव घेतलं तुमी?"

"तिनंच ओयखलं. मी नाही म्हनू शकलो नाही."

"तुमचं खरं बोलनं झालं, शालिकभाऊ," निवृत्ती म्हणाला. "माह्यी नोकरी, माह्यी माय, याचा इचार कोन करन?" तो सायकलवर बसून गेला आणि पुढच्या महिन्यात बदली मागून मलकापूरकडे निघून गेला. कोकिळा कोणाला एक अक्षर बोलणारी नव्हती, पण ते त्याला कुठं ठाऊक होतं? मोटार त्यानंतर एकदाही बिघडली नाही. शालिग्राम आंब्याखाली बसायचा टाळू लागला.

वैशाखात रुख्मिणीचं लग्न झालं. सोयऱ्यांनी मला नमस्कार केला. मांडव उतरल्यावर शालिग्रामनं मला गळ्यातून काढून कोकिळेच्या हातात दिलं. गावात बोभाटा झाला, माळकऱ्यानं माळ उतरवली, म्हणजे मटणाची चटक लागली असणार. शालिग्रामनं कोणाला नाही म्हटलं नाही. नारायणरावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ते त्याला फार लागलं, पण खरं कारण सांगण्यापेक्षा तेच बरं होतं.

कोकिळेनं मला नदीत सोडलं नाही. कुंकवाच्या पेटीत ठेवलं. ती आता आठवड्याचे चार दिवस बाजार करते, दुपारी पोटभर जेवते, अंगानं भरली आहे. दोघं एकमेकांशी बोलतात, भावाबहिणीपेक्षा जास्त आणि नवराबायकोपेक्षा कमी. कधी ती एकाएकी रागावते, भांडी आपटते, आणि तो मुकाट्यानं भांडी उचलून ठेवतो. या घरात सुख आहे असं मी म्हणणार नाही. पण इथं आता कोणी कोणासाठी उपाशी राहत नाही.

एवढ्यावरच मी तुमचा निरोप घेणार होते. पण परवा शालिग्राम चिखलीच्या बाजारातून बियाणं घेऊन आला आणि ओसरीवर नुसताच बसून राहिला. कोकिळा पेटी उघडून कुंकू लावत होती, म्हणून मला ऐकू आलं. नवा वायरमन भेटला होता. निवृत्तीचं लग्न झालं म्हणे, मायनं हाय खाल्ली म्हणून. पोरगी लहान आहे, वीस-बावीसची. आणि निवृत्तीनं गेल्याच महिन्यात माळ घातली.

कोकिळेचं बोट कपाळावर तसंच राहिलं. मग तिनं मला पेटीतून उचललं, मुठीत घट्ट धरलं आणि विचारलं, "त्या पोरीले कोन सांगन?"

शालिग्राम बियाण्याची पिशवी उसवत बसला. बराच वेळ वाट पाहून तिनं मला पुन्हा पेटीत ठेवलं, पण झाकण लावलं नाही.

माणसांनो, माझा एवढाच निरोप ऐका. मला गळ्यात घाला, नका घालू, पण माझ्याआड लपू नका. मी लाकडाची आहे, मला काही होत नाही. आड कोणीतरी बाई उपाशी बसलेली असते.